सॉफ्टनर लागलेले धावण्याचे टी-शर्ट: पाच आठवड्यांच्या धुण्याच्या नोंदी

५ फेब्रुवारी

आज बारा किलोमीटर धावून आले तेव्हा निळा टी-शर्ट पाठीला असा चिकटला होता की काढताना सोलावा लागला. विकत घेतला तेव्हा हाच शर्ट घाम टिपून घ्यायचा आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मा वाळलेला असायचा. आता घाम शर्टात शिरतच नाही, आतून ओघळतो. वासाचंही तेच. कपाटातून काढताना शर्टाला फुलांचा सुवास येतो आणि दहा मिनिटं धावून अंग तापलं की जुना कुबट वास उसळून वर येतो.

वास येतो म्हणून गेले काही महिने मी फॅब्रिक सॉफ्टनर वाढवत नेलं होतं. आधी अर्धं झाकण, मग पूर्ण, मग दीड. संशय आला तो दादाच्या शर्टामुळे. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच बनावटीचे निळे शर्ट घेतले होते. दादा आपले धावण्याचे कपडे बादलीत, नुसत्या डिटर्जंटमध्ये हाताने धुतो. त्याचा शर्ट रंगाने जास्त विटला आहे, पण घाम अजून नव्यासारखा टिपतो. दीड वर्षाचे दोन सारखे शर्ट आणि फरक फक्त धुण्यातला. तुलनेला याहून चांगली जोडी मिळणार नाही, म्हणून ही वही सुरू केली.

कामाला घेतलेले शर्ट चार: माझा निळा, करडा (याच्या पाठीवर चकाकणारी पट्टी आहे), पिवळा (नवीन, सॉफ्टनरमधून पाच-सहा वेळाच गेलेला) आणि काळा (चार वर्षांचा, सगळ्यात जास्त वापरलेला). दादाचा निळा तुलनेसाठी.

६ फेब्रुवारी

आधी मोजायचं कसं ते ठरवलं, कारण हाताला सगळे शर्ट मऊच लागतात. कापडाच्या प्रयोगशाळेत पाण्याचा एक थेंब कापडावर सोडून तो किती सेकंदांत शिरतो हे बघतात. तेच घरी केलं. पहिल्यांदा शर्ट टेबलावर पसरून थेंब टाकला आणि आकडे वेडेवाकडे आले. एकाच शर्टावर एकदा चार सेकंद, एकदा वीस. खालच्या टेबलाला कापड टेकलं की थेंब तिथे पसरतो आणि शर्टाने प्यायल्यासारखा दिसतो. म्हणून कापड कशिद्याच्या गोल रिंगमध्ये ताणून बसवलं आणि रिंग दोन वाट्यांवर अधांतरी ठेवली. औषधाच्या ड्रॉपरने साधारण एक सेंटीमीटर उंचीवरून एक थेंब सोडायचा. थेंबाची चमक जाऊन फक्त ओला डाग उरला की घड्याळ थांबवायचं. साठ सेकंद झाले तर मोजणं सोडायचं. प्रत्येक शर्टावर पाच ठिकाणी थेंब टाकून मधला आकडा लिहिला.

दादाचा निळा २ सेकंद. माझा निळा ६० च्या वर. थेंब अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहिला. करडा ५२. पिवळा १८. काळा ६० च्या वर.

थेंब आतल्या बाजूने टाकायचा, कारण घाम तिथूनच येतो. काही शर्ट मुद्दाम असे विणलेले असतात की आतली बाजू पाणी धरत नाही आणि ते बाहेरच्या थराकडे ढकलते. तशा शर्टावर थेंब आत बसलेला दिसला तरी बाहेरच्या बाजूला ओला डाग उमटतो का तेही बघावं, नाहीतर चांगल्या शर्टाला नापास कराल.

दुसरी चाचणी उभ्या चढीची. शर्टाची खालची कड दोन सेंटीमीटर पाण्यात बुडेल अशी टांगली आणि दहा मिनिटांनी पाणी किती वर चढलं ते पट्टीने मोजलं. दादाच्या शर्टात ९ सेंटीमीटर. माझ्या शर्टात जेमतेम १.

७ फेब्रुवारी

आज धुणं नाही. बाटलीवरची माहिती वाचली आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडून समजून घेतलं. पुढचे प्रयत्न कशावर बेतले ते कळावं, म्हणून तेवढंच इथे लिहिते.

पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. असा शर्ट घाम ओढतो तो धाग्यांच्या मधल्या बारीक फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. पण वात चालायची तर पाण्याला धाग्याच्या अंगावर पसरता आलं पाहिजे. म्हणून कारखान्यात बहुतेक अशा कापडांवर पाण्याला जवळ करणारा एक अतिशय पातळ लेप देतात.

सॉफ्टनर म्हणजे दुसरा लेप. त्याच्या रेणूला एका टोकाला धन प्रभार असतो आणि दुसऱ्या टोकाला चरबीच्या लांब शेपट्या. पाण्यात बुडालेल्या कापडावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे रेणू धन टोकाने कापडाला चिकटतो आणि शेपट्या बाहेर काढून बसतो. हात फिरवल्यावर मऊ लागतं ते या चरबीमुळे. पाणी मात्र चरबीवर पसरत नाही, गोळा होतं. वात तीच, फटी त्याच, पण त्यांच्या भिंती ओशट झाल्या.

वासाचं कोडंही इथेच सुटलं. पॉलिस्टर मुळातच अंगाचं तेल धरून ठेवतं. त्यावर चरबीचा थर बसला की तेल त्यात मुरतं आणि डिटर्जंट त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. जिवाणूंना खाद्य मिळत राहतं. वास आला की मी सॉफ्टनर वाढवत होते, म्हणजे थर वाढवत होते, म्हणजे पुढच्या खेपेला वास आणखी.

८ फेब्रुवारी, पहिला प्रयत्न: व्हिनेगर

धावणाऱ्या ओळखीच्यांनी एकमुखाने पांढरं व्हिनेगर सांगितलं होतं. पाच लिटर पाण्यात एक कप व्हिनेगर घालून चारही शर्ट तासभर बुडवले, विसळले, सावलीत वाळवले.

निळा ६० च्या वर, करडा ५०, पिवळा १७, काळा ६० च्या वर. म्हणजे काहीच झालं नाही. वास त्या दिवसापुरता कमी वाटला, एवढंच.

मैत्रिणीला आकडे कळवले तेव्हा तिने जे सांगितलं ते मला आधी कळलं असतं तर दिवस वाचला असता. हल्लीच्या बहुतेक सॉफ्टनरमधला रेणू अल्कधर्मी पाण्यात तुटतो आणि आम्लात टिकतो. बाटलीत तो टिकावा म्हणून सॉफ्टनर मुद्दाम आम्लधर्मी बनवतात. म्हणजे मी तो थर त्याला मानवणाऱ्या पाण्यातच बुडवून ठेवला होता. व्हिनेगर जड पाण्याचे क्षार काढतं, सॉफ्टनर काढत नाही. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्याचाही सल्ला मिळाला होता. तो सोडून दिला, कारण दोघं एकमेकांना मारतात आणि बादलीत फेसाळलेलं क्षाराचं पाणी उरतं.

१० फेब्रुवारी, दुसरा प्रयत्न: दुप्पट डिटर्जंट

मशीनमध्ये ३० अंशांवर लिक्विड डिटर्जंट नेहमीच्या दुप्पट घातलं. काचेतून फेसाशिवाय काही दिसत नव्हतं. वाळल्यावर थेंब टाकला तर निळा ३ सेकंद! करडा ४, काळासुद्धा ६. काम फत्ते झालं असं समजून वहीत मोठी बरोबरची खूण केली.

११ फेब्रुवारी

निळा घालून आठ किलोमीटर धावले. पाचव्या किलोमीटरला खांद्यावर, पाठपिशवीचा पट्टा घासतो तिथे, पांढरा फेस आला. मानेला खाज सुटली. शर्टात डिटर्जंट राहिलं होतं आणि घामाने ते भिजून निघत होतं.

घरी येऊन चारही शर्ट साध्या पाण्यात, डिटर्जंट न घालता, मशीनमध्ये दोनदा फिरवले. दुसऱ्या फेरीतही फेस दिसला.

१२ फेब्रुवारी

वाळल्यावर निळा ४१ सेकंद, करडा ३६, पिवळा ११, काळा ६० च्या वर.

या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त फसवलं ते याच गोष्टीने, म्हणून नीट लिहिते. डिटर्जंटचं काम पाण्याला पसरवणं हेच आहे. ते कापडात उरलं असेल तर खाली चरबीचा थर जसाच्या तसा असला तरी थेंब झटकन शिरतो. चाचणी पास होते आणि शर्ट नापासच असतो. तेव्हापासून नियम केला: चाचणीआधी शर्ट साध्या पाण्यात विसळायचा, मूठभर भाग काचेच्या ग्लासवर पिळायचा आणि ते पाणी झाकून हलवायचं. वर फेसाची कड राहिली तर आणखी विसळायचा. कड राहत नाही तोवर थेंब टाकायचा नाही.

आकडे थोडे उतरले, म्हणजे थर थोडा निघाला होता. पण यात तीन दिवस आणि मशीनच्या तीन फेऱ्या गेल्या.

जास्त डिटर्जंट का कमी पडलं याचंही कारण मिळालं. डिटर्जंटमधला धुणारा रेणू ऋण प्रभाराचा, सॉफ्टनरचा धन प्रभाराचा. दोघं भेटले की एकमेकांना धरून चिकट गोळा करतात. म्हणूनच सॉफ्टनर शेवटच्या विसळण्यात सोडतात. थर लागलेल्या शर्टावर डिटर्जंटचा बराचसा भाग असाच खर्ची पडतो. थंड पाण्यात तर चरबी हलतही नाही. ऊन पाणी, अल्क आणि वेळ, तिन्ही एकत्र लागणार होतं.

१३ फेब्रुवारी, तिसरा प्रयत्न: धुण्याचा सोडा

धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा यासाठी फार सौम्य पडतो. दोन्ही पांढऱ्या पुड्या सारख्या दिसतात, पाकीट वाचून घ्या.

आधी चारही शर्टांचं लेबल पाहिलं; सगळ्यांवर कमाल ४० अंश लिहिलं होतं. शिवणीच्या आतल्या कोपऱ्यावर सोड्याचं पाणी लावून दहा मिनिटांनी पांढरं फडकं दाबलं. रंग सुटला नाही.

बादलीत ४० अंशांचं पाच लिटर पाणी घेतलं. सपाट एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, साधारण पंधरा ग्रॅम, पूर्ण विरघळवला आणि मग त्यात एका धुण्याला लागतं तेवढंच लिक्विड डिटर्जंट घातलं. हातमोजे घालून काम केलं, कारण हे पाणी कातडीचं तेलही काढतं. शर्ट उलटे करून बुडवले. दर पंधरा मिनिटांनी दाबून पाणी आरपार जाऊ दिलं. चोळले नाहीत, पिळले नाहीत. बारीक धाग्यांची लव निघते.

अर्ध्या तासात पाणी दुधाळ झालं आणि कडेला ओशट रेघ जमली. बादलीला बोटाने आतून घासलं तर बुळबुळीत लागत होतं. पाणी कोमट होऊ लागलं तसं मी ते ओतून टाकलं आणि नवं, तेवढ्याच मापाचं केलं. पाणी थंड होऊ दिलं तर निघालेली चरबी परत कापडावर बसते. एकूण दीड तास, दोन पाणी. मग ऊन पाण्यात एकदा, साध्या पाण्यात तीनदा विसळलं आणि ग्लासची फेसचाचणी घेतली.

१४ फेब्रुवारी

निळा १४, करडा १९, पिवळा ३, काळा ५५. पिवळ्याचं काम झालं. त्याच्यावर थर थोडाच होता, एका खेपेत निघाला.

१५ फेब्रुवारी, दुसरी खेप, आणि एक नुकसान

निळा नीट मापाने केला: तेच ४० अंश, तोच दीड तास, दोन पाणी. करड्याच्या बाबतीत घाई केली. आकडा मागे होता म्हणून त्याला वेगळ्या बादलीत बरंच गरम, अंदाजे ६० अंशांचं पाणी दिलं आणि रात्रभर ठेवून दिला.

सकाळी पाठीवरची चकाकणारी पट्टी एका कडेने सुटून गुंडाळली होती. ही पट्टी शिवलेली नसते, उष्णतेने चिकटवलेली असते आणि तो डिंक गरम अल्कात मऊ पडतो. इस्त्रीने परत बसवता येईल असं वाटलं, पण पॉलिस्टरला ती उष्णता झेपणार नाही म्हणून हात लावला नाही. सुटलेला तुकडा कात्रीने कापला. लेबलवरचा ४० आकडा फक्त कापडासाठी नसतो. शर्टावर जे जे चिकटवलेलं असतं आणि कापडात जो ताणणारा धागा असतो, त्यांचाही त्यात विचार असतो.

आकडे: निळा ४, करडा ५. जास्त उष्णतेने आणि रात्रभराने करड्याचं काही जादा भलं झालं नाही. नुकसान मात्र कायमचं झालं.

१६ फेब्रुवारी, काळा शर्ट

काळ्याची दुसरी खेपही मापात केली. ५५ वरून ४८. पाणी या वेळी जवळजवळ स्वच्छ निघालं, कडेला रेघ नाही, बुळबुळ नाही. म्हणजे काढायला थर फारसा उरलेलाच नव्हता. मग थेंब का शिरत नाही?

दादाकडे त्याच सुमाराचा, तशाच बनावटीचा एक जुना काळा आहे. त्याला सॉफ्टनर कधीच लागलेलं नाही. त्यावर थेंब टाकला: ४४ सेकंद. उलगडा झाला. चार वर्षांच्या धुण्यात कारखान्याचा पाणी पसरवणारा लेपच झिजून गेला आहे. तो सोडा घालून परत येत नाही. सॉफ्टनरने बिघडलेला शर्ट आणि झिजलेला शर्ट चाचणीत सारखेच दिसतात. फरक कळतो तो भिजवलेल्या पाण्यात. पाणी दुधाळ आणि ओशट निघतंय तोवर खेपा करण्यात अर्थ आहे. ते स्वच्छ निघतंय आणि आकडा हलत नाही, तर थांबावं.

काळा बाजूला काढला. हळू चालायला जाताना घालायला तो पुरेसा आहे.

१८ फेब्रुवारी, माघार

निळा धावून आल्यावर नेहमीसारखा मशीनमध्ये धुतला. सॉफ्टनर घातलं नव्हतं. सवयीने थेंब टाकला तर ११ सेकंद. चारवरून अकरा!

फेसचाचणी केली, फेस नाही. मग आठवलं की त्याच फेरीत आईचे टॉवेल होते. आणि सॉफ्टनरचा कप्पा मी बंद केला होता, धुतला नव्हता. कप्पा पूर्ण बाहेर ओढून काढला. सॉफ्टनरच्या खान्यात एक छोटी टोपी असते, तिच्यातून पाणी सॉफ्टनर ओढून ड्रममध्ये नेतं. ती उचलली तर खाली निळसर जेली घट्ट बसली होती. दर विसळण्यात पाणी त्यावरून जाऊन थोडं थोडं सॉफ्टनर शर्टावर आणत होतं. ऊन पाणी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन खाना, टोपी आणि कप्पा बसतो ती आतली जागा साफ केली, वीस मिनिटं लागली. मग मशीन रिकामं, सर्वांत गरम फेरीवर, फक्त पावडर घालून चालवलं.

टॉवेलचा प्रश्न नाजूक होता. आई म्हणाली, "अगं, तुझ्या शर्टांचं ठीक आहे, पण टॉवेल मऊ नकोत का?" मी काही न बोलता तिच्या टॉवेलवर रिंग चढवली आणि थेंब टाकला. थेंब नऊ सेकंद बसून राहिला. न वापरलेल्या एका नव्या टॉवेलवर, जो एकदाच साध्या डिटर्जंटमध्ये धुतला होता, थेंब पडताक्षणी शिरला. आईने स्वतः ड्रॉपर घेऊन दोन्हीवर पुन्हा टाकून पाहिला. मग म्हणाली, "म्हणून हल्ली अंग पुसायला दोन-दोनदा लागतं होय." टॉवेलचं सॉफ्टनर तिने स्वतःहून बंद केलं. चादरींना ती घालते, त्या वेगळ्या फेरीत जातात आणि त्या फेरीनंतर कप्प्याचा खाना धुतला जातो.

२० फेब्रुवारी

निळ्याची तिसरी, छोटी खेप: पाऊण तास, एकच पाणी. आकडा ३.

यापुढे सोडा नाही. ही दुरुस्ती आहे, रोजचं धुणं नाही. वारंवार अल्कात भिजवलं तर कारखान्याचा लेप लवकर झिजेल आणि सगळे शर्ट काळ्याच्या वाटेने जातील.

२३ फेब्रुवारी, रोजचं धुणं कसं बसवलं

धावून आल्यावर शर्ट लगेच साध्या पाण्यातून काढून दोरीवर टाकते. ओला शर्ट बोळा करून टोपलीत ठेवला की रात्रीतच वास पकडतो आणि मग तो धुऊन जात नाही. दोन-तीन दिवसांचे शर्ट जमले की मशीन लावते.

शर्ट उलटे करून, जाळीच्या पिशवीत, ३० अंशांवर, हलक्या फेरीवर. सोबत फक्त असेच कपडे. टॉवेल किंवा सुती कपडे एकत्र घातले तर त्यांची लव शर्टाच्या विणीत अडकते, आणि सॉफ्टनर असेल तर तेही येतं. ड्रम निम्मा रिकामा ठेवते, कारण विसळायला पाण्याला जागा लागते.

डिटर्जंट लिक्विड घेतलं, पण लेबल वाचून. "मऊपणासह" किंवा "दोन कामं एकात" असं लिहिलेल्या डिटर्जंटमध्ये मऊ करणारा घटक आधीच घातलेला असतो. ते घेतलं तर सॉफ्टनर बंद करून उपयोग नाही. अंगाचं तेल तोडणारं लायपेझ हे एन्झाइम ज्यात आहे ते बघून घेतलं. वासावर खरा उपाय तो आहे, सुगंध नव्हे. माप कमी केलं: भरलेल्या ड्रमला सांगितलेल्या मापाच्या निम्मं, आणि एक जादा विसळणं. दोन वेळा ग्लासची फेसचाचणी घेऊन माप बरोबर असल्याची खात्री केली.

हाताने धुणाऱ्यांसाठी दादाकडून एक गोष्ट. तो पूर्वी साबणाच्या वडीने शर्ट धुवायचा आणि त्याच्या शर्टांना राखाडी, मेणचट थर यायचा. जड पाण्यात साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा साका होतो आणि तोही कापडावर सॉफ्टनरसारखाच बसतो. डिटर्जंटवर आल्यापासून तो त्रास गेला. तुमचं पाणी जड असेल आणि सॉफ्टनर कधी वापरलं नसूनही थेंब बसत असेल, तर आधी वडीवर संशय घ्या. या साक्यावर मात्र व्हिनेगर चालतं.

वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. गरम ड्रायर नाही, ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागदही नाहीत. त्यांच्यावर सॉफ्टनरचाच लेप असतो. सॉफ्टनरचा एक खरा फायदा जातो तो म्हणजे कपडे अंगाला चटचट चिकटण्यावरचा इलाज. पण तो त्रास ड्रायरमध्ये जास्त सुकवल्याने होतो, दोरीवर मला एकदाही झाला नाही.

पावसाचं जॅकेट या पद्धतीत घालू नका. त्याच्या बाहेरच्या कापडाने पाणी झटकायचं असतं, टिपायचं नसतं. सॉफ्टनर त्यालाही बिघडवतं, पण त्याची चाचणी उलटी असते आणि दुरुस्ती वेगळी. लोकरीच्या अंगलग कपड्यांनाही धुण्याचा सोडा लावू नका. अल्क लोकर खातं.

९ मार्च

त्यानंतर निळा सात वेळा धुतला, करडा सहा, पिवळा पाच. आजचे आकडे: निळा ३, करडा ५, पिवळा २. उभ्या चढीत निळ्यात पाणी दहा मिनिटांत ८ सेंटीमीटर चढलं. दादाच्या शर्टाच्या ९ च्या जवळ आहे. पूर्ण बरोबरी होणार नाही, असं माझं मत झालं आहे. इतक्या भिजवण्यात थोडा मूळ लेपही गेला असणार.

खर्चाचा हिशेब: हाताने काम सुमारे अकरा तास, मशीनच्या सात जादा फेऱ्या, पावशेराहून कमी सोडा, एक चकाकणारी पट्टी. व्हिनेगर आणि दुप्पट डिटर्जंट हे दोन प्रयत्न गाळले आणि कप्पा पहिल्याच दिवशी साफ केला, तर हेच काम दोन सुट्ट्यांच्या दिवसांत होईल.

आज निळा घालून बारा किलोमीटर धावले. तोच रस्ता, तेवढाच वेळ. पाठ ओली होती, पण शर्ट सुटा होता आणि घरी येऊन पाणी पिईपर्यंत खांदे वाळले होते. वास नेहमीच्या घामाचा, धुतल्यावर जाणारा. करड्याच्या पाठीवर पट्टी नाही, म्हणून अंधारात धावायला तो घेत नाही.